तबला मध्यमा प्रथम: हातावर ताल दाखवताना लेकाची लय पळते, सराव कसा लावावा?

वेळणेश्वरची_पूर्वा

नमस्कार मंडळी. माझा मुलगा नववीत आहे. गांधर्वच्या नोव्हेंबर-डिसेंबर सत्रात तबल्याची मध्यमा प्रथम देतोय. क्लास गुहागरला, फक्त रविवारी. बाकी सहा दिवस घरीच बसतो. मला स्वतःला वाजवता येत नाही, पण समोर बसून ऐकते आणि वहीत टिपून ठेवते.

अडचण अशी आहे. वाजवताना तो बरा आहे. लहानपणापासून वाडीच्या भजनात पखवाज वाजवतो, त्यामुळे हात तयार आहे. पण गेल्या रविवारी सरांनी झपताल हातावर दाखवायला सांगितला. एकपट ठीक, दुगुनही झाली. चौगुन म्हणायला लागला आणि टाळ्या जवळजवळ पडू लागल्या. बोल चुकला नाही, हात पळाला. सर म्हणाले, परीक्षकाला पहिलं हेच दिसणार.

दुसरं म्हणजे लेखी. ताललिपीत भातखंडे आणि पलुस्कर यांची चिन्हं एकमेकांत मिसळतो. आणि सरांनी घरी एक सराव परीक्षा घ्यायला सांगितली आहे. ती मी कशी घेऊ? कुणी मुलांची तयारी करून घेतली असेल तर सांगा.

मालवणी_माणूस

ताई, काळजी करू नका, हे सगळ्यांचं होतं. मी चौदा-पंधरा वर्षांचा असताना मलाही असंच व्हायचं. आमच्या गुरुजींनी एक सोपी खूण सांगितली होती: दुगुन नेहमी खालीपासून उचलायची. त्रितालात खाली नवव्या मात्रेवर, तिथून दुगुन म्हटली की बरोबर समेवर येते. झपतालात सहावी मात्रा, एकतालात सातवी. एवढं डोक्यात बसलं की मूल गडबडत नाही.

आणि तबला आत्ता परतीच्या पावसात उतरला असेल तर सकाळी तासभर उन्हात ठेवा. आमच्याकडे सगळे असाच करतत. तबलो उनात ठेयलो काय आपोआप चढता.

दापोली_घुंगरू

माझी मुलगी भरतनाट्यमची परीक्षा देते आहे, तिलाही हातांचंच टेन्शन असतं. आम्ही असंयुत हस्त २८ आहेत ते रोज श्लोकाच्या क्रमाने करून घेतो, आरशासमोर. बोटं सैल पडली की लगेच कळतं. तुमच्या मुलालाही आरशासमोर बसवून बघा.

वेळणेश्वरची_पूर्वा

@दापोली_घुंगरू ताई, आमच्याकडे हातावर म्हणजे टाळी-खाली देत तोंडाने बोल म्हणायचे, मुद्रा नाहीत. पण आरशाची कल्पना चांगली आहे. टाळी देताना त्याचा हात किती उचलला जातो ते त्याला दिसेल.

दापोली_घुंगरू

अरे हो, माझं चुकीचं वाचलं गेलं. आमच्याकडेही तालाला हात असतात, फक्त ते कर्नाटकी पद्धतीचे. बोटं मोजायची तिथे सवयच असते, त्यामुळे मुली पळत नाहीत बहुधा.

अण्णा_देवरुख

पूर्वाताई, दापोलीच्या ताई शेवटी जे बोलल्या, तिथेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. तुमचा मुलगा झपताल दाखवताना मधल्या मात्रा बोटांवर मोजतो का, की नुसत्या टाळ्या आणि खाली देतो? मी बरीच वर्षं शिकवतोय. भजनातून आलेली मुलं बहुतेक वेळा मधल्या मात्रा सोडून देतात.

कारण सांगतो. भजनी ठेका ८ मात्रांचा, सरळ चौकोनी. झपताल १० मात्रांचा, पण विभाग २, ३, २, ३ असे. पहिली टाळी समेवर, दुसरी तिसऱ्या मात्रेवर, खाली सहावीवर, तिसरी टाळी आठवीवर. चौकोनी लयीची सवय असलेला हात तीन मात्रांचा विभाग नकळत आखडतो. एकपटीत ते लपतं, कारण बोल आणि हात एकत्रच चालतात. चौगुनीत तोंड एका मात्रेत चार अक्षरं म्हणतं आणि हाताने मात्र तीच जुनी संथ मात्रा धरून ठेवायची असते. बोटांचा आधार नसेल तर हात तोंडाच्या मागे धावतो.

म्हणून पहिले काही दिवस चौगुन बंद. फक्त झपतालाची एकपट, टाळी दिली की उरलेल्या मात्रा करंगळीपासून बोटांवर. बोट टेकलं पाहिजे, हवेत नको. तोंड बंद. मेट्रोनोम मिनिटाला ६० वर लावा आणि पाच मिनिटं नुसता हात चालू द्या. मग तुम्ही एक काम करा. मोबाइलचा आवाज मधेच बंद करा, त्याला चार आवर्तनं तशीच करू द्या, आणि आवाज पुन्हा उघडा. त्याची टाळी ठोक्याच्या आधी पडत असेल तर पळतोय, नंतर पडत असेल तर रेंगाळतोय. हे तुम्हाला तबला न येताही ऐकू येईल.

हात स्थिर झाला की बोल आणायचे. आधी हात तुमचा किंवा मेट्रोनोमचा, तोंड त्याचं. मग हात त्याचा, तोंड त्याचं. हा क्रम उलटू नका.

अण्णा_देवरुख

आता मालवणच्या दादांच्या खुणेबद्दल. त्रिताल, झपताल, एकताल यांत ती जुळते हे खरं. पण ती खालीमुळे जुळत नाही. आवर्तनाचा नेमका मध्य तिथे येतो म्हणून जुळते. दुगुनीला आवर्तनाच्या निम्म्या मात्रा लागतात, म्हणून निम्मं आवर्तन सोडून उचलायची. एवढंच गणित.

रूपक घ्या. ७ मात्रा, खाली समेवरच. खालीवरून दुगुन उचलायला गेला तर साडेतीन मात्रांत ठेका संपेल आणि सम हुकेल. रूपकाची दुगुन साडेतीन मात्रा सोडून सुरू होते, म्हणजे चौथ्या मात्रेचा पहिला अर्धा भाग रिकामा. चौथी मात्रा ‘ऽती’, पाचवी ‘तीना’, सहावी ‘धीना’, सातवी ‘धीना’, आणि मग समेची ‘ती’. आडाचौतालातही खूण फसते, तिथे मध्य आठव्या मात्रेवर आणि त्या मात्रेवर खाली नाही.

हाच हिशेब चौगुनीला. झपतालाची चौगुन म्हणजे १० भागिले ४, अडीच मात्रा. १० मधून अडीच गेले, साडेसात उरले. म्हणून आठव्या मात्रेचा पहिला अर्धा भाग रिकामा:

आठवी: ऽऽधीना
नववी: धीधीनाती
दहावी: नाधीधीना
आणि सम: धी

मुलाला हे तयार उत्तर पाठ करून देऊ नका. त्याला कागदावर काढायला लावा. मध्यमाच्या तोंडी परीक्षेत परीक्षक विचारतात, ‘अमुक तालाची चौगुन कुठून उचलशील?’ पाठ केलेला मुलगा दुसरा ताल विचारला की थांबतो. भागाकार येणारा मुलगा थांबला तरी दोन क्षणांत उत्तर देतो.

मालवणी_माणूस

बरोबर आहे अण्णा, रूपकाचं लक्षात नव्हतं. आमच्या गुरुजींनी त्रितालापुरतंच सांगितलं असेल आणि मी सगळीकडे लावत आलो. उन्हाचं तरी खरं ना?

अण्णा_देवरुख

उन्हात पुडी आवळते, सूर वर जातो हे खरं. पण सावलीत आणलं की तासाभरात पुन्हा उतरतो, आणि रोज असं केलं तर शाई कोरडी पडून तडकते. एकदा शाईचा कण सुटला की आवाज गेला, पुडी बदलावीच लागते. आपल्या दमट हवेत तबला कोरड्या कपड्यात गुंडाळून, झाकण घालून खोलीतल्या उंच जागी ठेवावा. वाजवायच्या आधी अर्धा तास बाहेर काढून मग गजऱ्यावर हातोडीने समान ठोके देत मिळवावा. फार उतरला असेल तर गठ्ठे खाली करा. गजऱ्यावर एकाच बाजूला ठोकत बसू नका, सगळ्या घरांत सूर सारखा येतो का ते बघा.

लेखणी_सावंतवाडी

मी दोन सत्रांपूर्वी हीच परीक्षा दिली, म्हणून लेखीबद्दल लिहिते. दोन्ही लिप्या मिसळण्याचं कारण मला माझ्याच वहीत सापडलं होतं. गांधर्व महाविद्यालयाची परंपरा पलुस्करांची, त्यांनी १९०१ मध्ये लाहोरला ते काढलं. पण बाजारातल्या बऱ्याच पुस्तकांत आणि क्लासच्या फळ्यावर भातखंडे पद्धत असते. म्हणून डोळ्याला एक सवय आणि पेपरात दोन्ही.

झपतालच घ्या. भातखंडे पद्धतीत विभागांखाली ×, २, ०, ३ असं लिहितात. पलुस्कर पद्धतीत १, ३, +, ८. आता ‘३’ हा आकडा दोन्हीकडे आहे, पण भातखंड्यांकडे तो तिसऱ्या टाळीचा क्रमांक, म्हणजे आठव्या मात्रेखाली. पलुस्करांकडे तो मात्रेचा क्रमांक, म्हणजे तिसऱ्या मात्रेखाली. मी पेपर लिहिताना नेमकं इथेच अडखळायची. आणि शून्य आणखी फसवं. भातखंडे पद्धतीत ते खाली दाखवतं, पलुस्कर पद्धतीत बोलाखालचं छोटं शून्य अर्धी मात्रा दाखवतं.

माझा उपाय: एकच ताल रोज एका पानावर दोनदा लिहायचा, वर भातखंडे, खाली पलुस्कर, आणि मधे काही नाही. वेगवेगळ्या पानांवर लिहिलं की फरक डोळ्यात भरत नाही. आणि लिहून झालं की तोच कागद समोर ठेवून हातावर दाखवायचा. मग लेखी आणि हात वेगळे राहत नाहीत.

वेळणेश्वरची_पूर्वा

@लेखणी_सावंतवाडी, अगं हे शून्याचं मी त्याच्या वहीत बघितलं, अगदी हेच. पलुस्करच्या दुगुनीत त्याने सहाव्या मात्रेखाली भातखंड्यांची खाली काढली होती आणि त्याच ओळीत अर्ध्या मात्रेची शून्यंही. मला वाटलं घाईत झालं.

अण्णा, तुम्ही विचारलंत ते पाहिलं. बोटं मोजत नाही. टाळी, टाळी, खाली, टाळी, एवढंच. मधे हात मांडीवर.

बुवा_राजापूर

मी भजनाचा माणूस, म्हणून जरा बोलतो. भजनामुळे लय पळते असं सगळ्यांनी गृहीत धरलंय. भजनात लय चढते ती मुद्दाम, गजराकडे जाताना बुवा चढवतो आणि पखवाजवाला त्याच्याबरोबर जातो. ऐकून साथ करणं ही त्या पोराची कमाई आहे. परीक्षेसाठी त्याचं भजन बंद करू नका. कार्तिकात जत्रा सुरू होतात, डबलबारी लागतात, तेव्हा तो नाही गेला तर वाडीलाही पखवाजवाला मिळत नाही.

अण्णा_देवरुख

बुवा, तुमचा मान राखून सांगतो, मी भजन बंद करा म्हटलं नाही. पण परीक्षेच्या आधीचे दोन-तीन आठवडे रात्रभराच्या बाऱ्या नकोत असं माझं मत आहे. पखवाजावर पंजा उघडा पडतो, तबल्याच्या चाटीला बोटाचं टोक लागतं. रात्रभर थाप मारून सकाळी ‘तिरकिट’ काढायला बसला की बोटं जड असतात. आणि लयीचं म्हणाल तर भजनात त्याला कुणीतरी चढवतं, परीक्षेत लय एकट्याने धरायची असते. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बुवा_राजापूर

आमच्या मंडळातली दोन पोरं भजन न सोडता पुढच्या परीक्षांना गेली आहेत. ज्याचं त्याला कळतं. एवढं मात्र मानतो की डबलबारीच्या दुसऱ्या दिवशी सराव घेऊ नये.

वेळणेश्वरची_पूर्वा

यावर त्याच्या बाबांचं आणि माझंही अजून एकमत नाही. बघू.

आता सराव परीक्षेचं सांगा कुणी.

अण्णा_देवरुख

घरची सराव परीक्षा बहुतेक लोक मैफिलीसारखी घेतात. मुलगा बसतो, तयार केलेला कायदा, तुकडे, चक्रदार वाजवतो, सगळे टाळ्या वाजवतात. त्यातून काहीच कळत नाही. परीक्षक क्रमाने ऐकत नाहीत. कायदा चालू असताना थांबवतात आणि म्हणतात, बरं, रूपकाचा ठेका म्हण. या मधल्या उडीचा सराव झाला पाहिजे.

मी असं करतो. तालांची नावं आणि प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाकायचे. ‘एकताल, दुगुन, हातावर.’ ‘त्रिताल, कायदा आणि दोन पलटे.’ ‘झपताल, तिहाई, सम ते सम.’ चिठ्ठी परक्या माणसाने काढायची, मामा, शेजारी, शाळेतले सर, कुणीही. हातात घड्याळ, वीस मिनिटं. चुकला तरी पुन्हा घ्यायचं नाही. मधे दोनदा अर्ध्यावर थांबवून दुसरी चिठ्ठी. आणि लेहरा ॲपवर नको, पेटी वाजवणारा माणूस बसवा. ॲप कधी हलत नाही. माणूस थोडा हलतो, परीक्षेतही माणूसच असू शकतो.

लेखणी_सावंतवाडी

मला ॲपच बरं वाटलं होतं. माणूस हलला की आपण चुकलो की तो, हेच कळत नाही. सुरुवातीला ॲप आणि शेवटी माणूस, असं चालेल ना?

अण्णा_देवरुख

चालेल. तेही बरोबर.

वेळणेश्वरची_पूर्वा

काल पहिली सराव परीक्षा घेतली. मधल्या दिवसांत रोज सकाळी शाळेच्या आधी बोटांचा व्यायाम केला, संध्याकाळी वाजवणं, रात्री जेवणानंतर एक ताल दोन लिप्यांत. चिठ्ठ्या त्याच्या मामाने काढल्या, पेटीवर वाडीतले भजनाचे काका. त्यांना झपतालाचा लेहरा येत होता, नशीबच.

झपतालाची चौगुन हातावर या वेळी धरली. आवाज बंद करून बघितलं, चार आवर्तनांनंतर टाळी ठोक्यावरच आली. रूपकाची दुगुन विचारली तेव्हा थांबला, छताकडे बघितलं, आणि ‘साडेतीन’ असं पुटपुटून बरोबर उचलली.

पण तिहाईत पडला. सरांनी दिलेली सम ते सम तिहाई आहे: ‘तिट कत धा’, मग एक मात्रा दम, पुन्हा तेच, पुन्हा दम, पुन्हा तेच. घरी रोज नीट येते. काल संपला तेव्हा काका पेटीवर अजून पुढे होते. त्याला कळलंच नाही आपण कुठे आहोत. रेकॉर्डिंग केलंय. मला मोजता येत नाही, पण शेवटचा ‘धा’ आणि पेटीची सम यांत दोन मात्रांचं अंतर वाटतं.

अण्णा_देवरुख

दोन मात्रांचं अंतर असेल तर दोन्ही दम खाल्ले, दुसरं काही नाही. हिशेब बघा. ‘तिट कत धा’ तीन मात्रांचा, तीनदा म्हणजे नऊ. दोन दम म्हणजे दोन. एकूण अकरा. पहिल्या मात्रेवर सुरू केला की अकरावी मात्रा म्हणजे पुढची सम. तिथे शेवटचा ‘धा’. दम गेले तर नऊ मात्रांतच संपतो, म्हणजे नवव्या मात्रेवर पडला. दहावी राहिली आणि मग सम. एकच दम खाल्ला असता तर दहावीवर पडला असता. म्हणून पुढच्या वेळी किती मात्रा आधी पडला तेवढंच मोजा, कुठे गेलं ते लगेच सापडेल.

दम घाबरल्यावर पहिला जातो, कारण तिथे हाताला काम नसतं. त्याला दमाच्या मात्रेवर तोंडाने ‘एक’ म्हणायला लावा: तिट कत धा एक, तिट कत धा एक, तिट कत धा. काही दिवस मोठ्याने, मग मनात. आणि आधी वाजवू नका, हातावर पढंत करा. चौथ्या आणि आठव्या मात्रेवर ‘एक’ येतो. आठवीवर तिसरी टाळी पडते, म्हणजे दुसरा दम टाळीवर आहे. त्या टाळीशी तो दम बांधून ठेवला की सुटणार नाही. पहिला दम मात्र चौथ्या मात्रेवर, तिथे टाळी नाही, तिथे बोटच लागणार.

मालवणी_माणूस

अण्णा, दम न घेता तीच तिहाई वाजवायची असेल तर?

अण्णा_देवरुख

तीच बेदम होईल, नऊ मात्रांची. मग समेवरून न उचलता तिसऱ्या मात्रेवरून उचलायची, दुसऱ्या टाळीवरून. येते बरोबर. मुलाला सांगा, परीक्षेत समेवर उचलायची राहून गेली तर घाबरून मधेच घुसू नकोस, तिसऱ्या मात्रेवरून बेदम घे. पण दोन्ही आवृत्त्या हाताला पक्क्या नसतील तर हे सांगूच नका, गोंधळ वाढेल.

वेळणेश्वरची_पूर्वा

आत्ता तरी दमवालीच घेतो. दुसरी सराव परीक्षा दिवाळीच्या सुट्टीत ठेवते, तेव्हा मामा नाही, शाळेतल्या संगीताच्या बाईंना बोलावणार आहे. एक विचारायचं राहिलं. केंद्रावरचा तबला वाजवायचा की स्वतःचा न्यायचा? गुहागरहून एसटीने जाताना हवा लागून उतरतो, आणि तिथे मिळवायला वेळ मिळेल की नाही माहीत नाही.

लेखणी_सावंतवाडी

मी स्वतःचा नेला होता, पण आधी केंद्राला विचारून. डग्गा मात्र तिथलाच घेतला, ओझं झेपत नव्हतं.

अण्णा_देवरुख

हाताला सवय असलेला तबला बरा, पण पेटीच्या सुराशी जुळला पाहिजे. त्याचा तबला कुठल्या पट्टीत मिळवता? काळी एक असेल आणि केंद्रावर पेटी दुसऱ्याच पट्टीत लावली असेल तर नेऊन उपयोग नाही. केंद्राला फोन करून पट्टी विचारा, मग इथे लिहा.